नळाच्या पाइपाला बारीक छिद्र : फिटर येईपर्यंत काय करावे?

अकोल्यातील आमच्या एका कापड व्यापारी मित्राच्या गोदामात गेल्या उन्हाळ्यात एक लहानसा प्रकार घडला. भिंतीवरून गेलेल्या अर्ध्या इंची लोखंडी पाइपातून सुईच्या टोकाएवढी धार उडू लागली. खाली साड्यांचे गठ्ठे होते. दिवस जुम्याचा, फिटर संध्याकाळशिवाय येणार नव्हता. वर तिसऱ्या मजल्यावर पाचशे लिटरची टाकी होती. सुमारे दहा मीटर उंचीच्या दाबाखाली एक मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला वीस-बावीस लिटर पाणी जाते, म्हणजे दिवसभरात टाकी रिकामी आणि गठ्ठे ओले.

असे छिद्र बाहेरून पडत नाही. आपल्या वऱ्हाडात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तिथले बोअरचे पाणी खारे असते. मीठ पाइपाच्या आतला जस्ताचा थर खाते, मग लोखंडात खड्डे पडतात, आणि त्यातला सर्वात खोल खड्डा एक दिवस बाहेर निघतो. आमच्या मित्राकडेही महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी कमी पडले की बोअरचे पाणी टाकीत चढवले जात असे.

दुकानातल्या पोराने आगकाडी टोकदार करून छिद्रात ठोकायला घेतली. तेवढ्यात शेजारचे जुने फिटर चाचा आले. ते म्हणाले, "अरे बेटा, काडी नको ठोकू, भोक मोठं होऊन जाईन." ते खरेच होते. छिद्राभोवतीचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. चाचांनी आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पाइप हलकेच वाजवून पाहिला. आवाज टणक आला, म्हणून डागडुजीला हरकत नव्हती. पाइप दबला किंवा बोटाने पापुद्रे निघाले, तर तो तुकडा बदलण्याशिवाय इलाज नाही.

त्यानंतर टाकीचा कॉक बंद केला आणि खालचा नळ उघडून पाइप रिकामा केला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंच रुंद तुकडा कापून पाइपाभोवती गुंडाळला, त्याचा सांधा छिद्राच्या विरुद्ध बाजूला ठेवला. वरून गाडीच्या रबरी पाइपाला लावतात ती स्क्रूची क्लिप बसवली. अर्ध्या इंची पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे एकवीस मिलिमीटर असतो, तेव्हा सोळा ते पंचवीसच्या मापाची क्लिप मागावी. पट्टी बरोबर छिद्रावर यावी, स्क्रूचे घर तिथे नको, कारण घराखाली दाब सारखा पडत नाही. रबर किंचित फुगेल इतकेच आवळावे. फार आवळल्यास कमजोर पाइपच चेपतो. पाणी सोडल्यावर पाच मिनिटे कोरडा कागद धरून पाहावा.

क्लिप मिळत नसेल, किंवा पाइप भिंतीला चिकटून असल्याने ती फिरत नसेल, तर एम-सीलसारखी दोन भागांची पुटी उपयोगी पडते. मात्र तिला कोरडा पाइप लागतो, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. वाहत्या धारेवर पुटी लावली की पाणी तिच्यातून वाट काढते आणि घट्ट झाल्यावरही ती वाट तशीच राहते. गंज आणि रंग पॉलिश पेपरने हलकेच घासून काढावा आणि कापडाने पुसावे. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावे. पट्टे दिसले तर तेवढी जागा कधीच कडक होत नाही. हाताला पॉलिथिन पिशवी घालावी, कारण अंगाला खाज येते. छिद्राच्या चारही बाजूंना इंचभर, पाव इंच जाड थर दाबून द्यावा आणि कडा पाण्याच्या बोटाने पातळ कराव्यात. पाकिटावर सांगितलेला वेळ होईपर्यंत पाणी सोडू नये. साध्या जातीला रात्रभर दिलेली बरी. नंतरचे पहिले पाणी प्यायला घेऊ नये. गीझरच्या पाइपावर हा उपाय करू नये, आणि चुडीच्या जोडावरही नाही. तिथे पाइप सर्वात पातळ असतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. पाणी थांबले की रिकाम्या पाइपात ओढ निर्माण होते, आणि छिद्र गटाराजवळ किंवा जमिनीत असेल तर घाण आत शिरते. बाहेर ठिपका दिसत नसला तरी पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे येते. असा पाइप क्लिपेवर एक दिवसही ठेवू नये. तो बदलून होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.

मित्राच्या पाइपाची क्लिप टिकली, पण दोन महिन्यांनी हातभर अंतरावर दुसरे छिद्र निघाले. शेवटी टाकीपासून गोदामापर्यंतचा सगळा पाइप प्लास्टिकचा केला. खारे पाणी त्याला खात नाही.