नवा जिल्हा मंजूर कोण करतं?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३६ झाले. २०११च्या जनगणनेत अखंड ठाण्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर गेली होती. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट ठाणे गाठावे लागे.

नवे राज्य करायचे तर संसदेचा कायदा लागतो. जिल्ह्याला मात्र संसदेची गरज नाही आणि विधानसभेत विधेयकही आणावे लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४ हा अधिकार राज्य शासनाला देते. इतर राज्यांतही त्यांच्या महसूल कायद्यांनुसार असेच चालते.

जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त यांच्या अहवालांवरून महसूल विभाग प्रस्ताव तयार करतो. कोणते तालुके द्यायचे, मुख्यालय कुठे, पदे किती, खर्च किती, हे त्यात असते. पदांना अर्थ खात्याची संमती लागते आणि फाइल बहुधा इथेच अडते. मंत्रिमंडळाने मान्यता दिली तरी जिल्हा लगेच होत नाही. आधी राजपत्रात प्रारूप अधिसूचना निघते, लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात, त्यांचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना येते. तिच्यात दिलेल्या तारखेपासून जिल्हा अस्तित्वात येतो.

पालघरच्या वेळी खरा वाद मुख्यालयावरून झाला. डोंगरातल्या आदिवासी तालुक्यांना जव्हार हवे होते. पश्चिम रेल्वेवरचे पालघर ठरले. ठाण्याचे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले, सात मागे राहिले. तालुके अख्खेच्या अख्खे गेल्याने सातबाऱ्यावरचे गट क्रमांक बदलले नाहीत, वर जिल्ह्याचे नाव तेवढे बदलले.

अधिसूचनेने महसुली जिल्हा होतो, बाकीची घडी नंतर बसते. जिल्हा परिषद वेगळी करावी लागते, पोलीस अधीक्षक नेमावा लागतो आणि जिल्हा न्यायालयासाठी उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करावी लागते. लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ मात्र जिल्हा फुटला म्हणून बदलत नाहीत. पालघरला सिडकोने बांधलेल्या नव्या मुख्यालयाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. म्हणजे जिल्हा होऊन सात वर्षांनी.

केंद्राचा हात एका बाबतीत लागतो. जनगणना जवळ आली की हद्दी गोठवण्याची तारीख केंद्र ठरवते. ती उलटली की जनगणना होईपर्यंत राज्याला जिल्ह्याची, तालुक्याची किंवा गावाची हद्द हलवता येत नाही.

म्हणून ‘आपला तालुका जिल्हा होणार’ अशी बातमी आली की राजपत्रात प्रारूप अधिसूचना निघाली का, ते पाहावे. निघाली नसेल तर ती नुसती घोषणा समजावी. निघाली असेल, तर मुख्यालयाबद्दलची हरकत मुदतीत लेखी द्यावी. अंतिम अधिसूचना निघाल्यावर मोर्चे काढून मुख्यालय हलवणे फार अवघड असते.