जाहिरात कोणाला आठवते?

ब्रँडची ओळख वाढवणाऱ्या जाहिरात मोहिमेकडून लगेच विक्री व्हावी अशी अपेक्षा नसते. नाव लोकांच्या डोक्यात राहावे आणि दुकानात गेल्यावर ते आठवावे, एवढाच हेतू असतो. जाहिरात किती वेळा दिसली हे मोजणे सोपे आहे. ती कोणाच्या लक्षात राहिली का, हे मात्र लोकांनाच विचारावे लागते.

विचारण्याचे दोन प्रकार आहेत. ‘गेल्या काही दिवसांत चहाच्या कोणत्या ब्रँडची जाहिरात पाहिली?’ एवढाच प्रश्न टाकून उत्तराची वाट पाहिली, तर कसलीही मदत न घेता आलेली आठवण मोजली जाते. चार-पाच नावे समोर ठेवून ‘यांपैकी कोणती?’ असे विचारले, तर ती मदतीने आलेली आठवण. दुसऱ्या प्रकारात आकडा नेहमीच मोठा येतो, त्यामुळे मोहिमेचा अहवाल वाचताना प्रश्न कसा विचारला होता हे आधी पाहावे.

विसाव्या शतकात अमेरिकेत टीव्हीवर जाहिरात लागली, की दुसऱ्या दिवशी घरोघरी फोन करून ती आठवते का, हे विचारण्याची पद्धत रुळली. तिच्यातली अडचण अशी, की लोक न पाहिलेली जाहिरातही ‘पाहिली’ म्हणतात. यात खोटेपणा असतोच असे नाही. नाव ओळखीचे असते, दुकानाच्या पाटीवर रोज दिसते, तेव्हा जाहिरातही पाहिलीच असणार असे वाटते. मोठ्या ब्रँडला हा फुकटचा लाभ कायम मिळतो. उलटही घडते. एनर्जायझर बॅटरीचा ढोल वाजवणारा गुलाबी ससा अमेरिकेत 1989 मध्ये आला आणि गाजला, पण कित्येक प्रेक्षकांनी ती जाहिरात ड्युरासेलची असल्याचे सांगितले. ड्युरासेलचाही ससा होता आणि तो आधीपासूनचा होता.

त्यामुळे ‘किती जणांना आठवते’ हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. जाहिरात दाखवलीच नसती, तर किती जणांनी हेच उत्तर दिले असते, हे कळायला हवे. लिफ्ट स्टडी नेमके तेच शोधते. यूट्यूब किंवा फेसबुकवर जाहिरात दाखवण्याजोग्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले जातात. एकाला जाहिरात दिसते. दुसऱ्याला, म्हणजे नियंत्रण गटाला, ती मुद्दाम दाखवली जात नाही. पुढे दोन्ही गटांतल्या काही लोकांना पडद्यावर तोच एक प्रश्न येतो. ही विभागणी जाहिरात दाखवण्याआधी व्हावी लागते. जाहिरात पाहिलेले आणि न पाहिलेले लोक मागाहून वेचून त्यांची तुलना केली, तर ती फसते. जाहिराती मुळातच आवड असलेल्यांना शोधून दाखवल्या जातात, आणि त्यांना ब्रँड आधीच माहीत असण्याची शक्यता जास्त असते.

समजा, कोल्हापूरच्या एका चहा कंपनीने 30 लाख रुपये खर्चून 20 लाख लोकांना जाहिरात दाखवली. पाहणीत जाहिरात दिसलेल्यांपैकी 24 टक्के लोकांनी ‘आठवते’ म्हटले, तर नियंत्रण गटातल्या 18 टक्क्यांनीही तेच म्हटले. त्या 18 टक्क्यांनी जाहिरात पाहिलेलीच नव्हती! म्हणजे मोहिमेची खरी कमाई 24 नव्हे, 6. कंपनीच्या अहवालात बहुधा ‘33 टक्के वाढ’ असे छापले जाईल, कारण 6 हा आकडा 18 चा एक तृतीयांश आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण पैशांचा हिशेब पहिल्यावर करायचा. 20 लाखांचे 6 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार माणसे, आणि प्रत्येक नव्या आठवणीमागे 25 रुपये.

हा सहाचा आकडाही कितपत खरा, हे उत्तरे देणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. प्रत्येक गटात 1,000 जणांनी उत्तर दिले असेल, तर खरा फरक साधारण अडीच ते साडेनऊ यांच्या दरम्यान असावा, असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने म्हणता येते. गटात 200 च जण असतील, तर तोच फरक उणे दोनपासून चौदापर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे जाहिरातीचा काहीच उपयोग झाला नसेल हीही शक्यता उरते. लहान कंपन्यांची गाडी इथेच अडते, कारण थोड्या खर्चाच्या मोहिमेत पुरेशी उत्तरेच जमत नाहीत. मग मोहिमेत जीव नव्हता की पाहणीत, हे सांगता येत नाही.

शिवाय यूट्यूबवर प्रश्न साधारण एका दिवसाने येतो. ती आठवण महिन्याने किती उरते, हे त्यातून कळत नाही. आठवण वाढली म्हणजे विक्री वाढली असेही नाही. ते पाहायचे तर त्याच दोन गटांची खरेदी मोजावी लागते, आणि किराणा दुकानातून रोखीने नेलेल्या चहाच्या पुड्याची नोंद सहसा कुठेच नसते.