आमसुलाचे सरबत : थंडावा कशाचा आणि किती?



आपल्या करडी भागात कोकमाचे झाड नाही. ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. आपल्याकडे येते ते किराणा दुकानातले वाळलेले आमसूल. तरीही अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी चोळायचे आणि ऊन लागले की सरबत द्यायचे, हे आपल्या घरांतही ठाऊक आहे. मे महिन्यात उन्हाळी धानाची कापणी आणि तेंदूपानाची तोडाई ऐन तडाख्यात चालते. अशा वेळी ह्या सरबतावर कितपत विसंबावे, ते आज पाहू.

आधी आंबटपणाचे. कोकमातले मुख्य आम्ल लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा भाऊबंद आहे. त्याला हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल म्हणतात. कोकमाच्या जातीच्याच, मलबारी चिंच म्हणवणाऱ्या फळात हे आम्ल म्हैसूरच्या लुईस आणि नीलकंठन ह्या संशोधकांनी 1965 साली ओळखून दाखवले. तोपर्यंत ते साधे सायट्रिक किंवा टार्टारिकच समजले जाई. पुढे ह्याच आम्लाच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी विकल्या गेल्या. पण 1998 साली अमेरिकेत 135 स्थूल माणसांवर 12 आठवडे प्रयोग झाला, तेव्हा खऱ्या गोळीत आणि नकली गोळीत काही फरक दिसला नाही.

मग थंडावा येतो कुठून? आपले अंग गार राहते ते घाम वाळल्याने. घामावाटे पाणी आणि मीठ जाते, ते भरून निघाले तरच पुढचा घाम येतो. आमसुलाच्या आंबटाने तोंडाला पाणी सुटते, कोरड जाते, आणि साधे पाणी नको म्हणणारा माणूसही दोन पेले जास्त पितो. त्यात मीठ घातलेले असते. खरे काम हे पाणी आणि मीठच करतात. आमसुलात अंगाची उष्णता उतरवणारे वेगळे औषध आहे, हे कुठे सिद्ध झालेले नाही.

लाल रंगाचेही गुण सांगतात. तो रंग अँथोसायनिनचा. शिवाय सालीत गार्सिनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. प्रयोगशाळेत दोन्ही चांगले अँटिऑक्सिडंट ठरतात, म्हणजे पेशींना जाळणाऱ्या द्रव्यांना आवर घालतात. उंदरांच्या पोटातल्या व्रणांवर गार्सिनॉलचा उपयोगही दिसला आहे. पण गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे सरबतात ते फारच थोडे उतरते, बरेचसे आपण फेकतो त्या चोथ्यात राहते. लाल रंग पाण्यात उतरतो, पण उकळल्याने आणि उन्हात ठेवल्याने फिका पडतो. म्हणून आमसूल उकळू नका. थंड पाण्यात चार-पाच तास भिजवा, कुस्करा आणि गाळून घ्या.

आता साखरेचा हिशेब मांडू. पाव लिटरहून थोड्या कमी, म्हणजे 200 मिलिलिटरच्या पेल्यात आपण सहज चार चमचे साखर घालतो. म्हणजे लिटरला वीस चमचे झाले. जुलाबात घरी करायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचे माप लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असे आहे. तिप्पट साखर पोटात गेली तर ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून हगवण लागलेल्या लेकराला सरबत देऊ नका, ओआरएसचे पुडकेच द्या. शेतावर नेण्यासाठी मात्र लिटरभर पाण्याला मूठभर आमसुले, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरे. आमसूल आधी चाखून पाहा, पुष्कळदा ते खारवलेले असते. तसे असेल तर मीठ कमी करा. मधुमेह असलेल्यांनी साखर घालू नये. आंबटाने छातीत जळजळ होते त्यांनी ताकच प्यावे.

हे सरबत पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाने कळकते. काच, चिनी माती किंवा स्टील चालेल.

बाजारच्या बाटलीतला रंग पारखायचा असेल तर चमचाभर सरबत पेलाभर पाण्यात मिसळा आणि थोडा-थोडा खाण्याचा सोडा टाका. आधी फेस येईल. कोकमाचा रंग असला तर तो जांभळट-निळसर होईल आणि लिंबू पिळले की परत लाल होईल. सोडा भरपूर टाकूनही तांबडा तसाच राहिला तर रंग वरून घातलेला समजा.

आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. उन्हातला माणूस बरळू लागला, शुद्ध हरपू लागली, अंग तापून निघाले, तर तोंडात सरबत ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ची गाडी बोलवा.