सायंकाळी पाचचा आकडा

पुण्याच्या कर्वेनगर भागातील एका लहानशा भोजनपुरवठादार पेढीने बाणेरच्या एका संगणक-कंपनीस रोजच्या दुपारच्या जेवणाबाबत जो प्रस्ताव पाठविला, त्याचा खर्डा भाषा तपासून द्यावी म्हणून पेढीच्या मालकीणबाईंनी माझ्याकडे आणला होता. सहा पानांपैकी साडेतीन पाने पदार्थांच्या जाबत्याने व्यापली होती: सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी भरली वांगी, शुक्रवारी पुलाव आणि कोशिंबीर. माझ्यासारख्या भोजनप्रिय माणसाचे चित्त तेथेच रमले, हे कबूल करतो. परंतु पेढीचे सारे भवितव्य ज्या कलमावर अवलंबून होते ते पाचव्या पानाच्या तळाशी, जणू संकोचाने अंग चोरून, दोन ओळींत उभे होते. दुसऱ्या दिवशी किती माणसे जेवणार हे कंपनीने आदल्या सायंकाळी 5 वाजेपर्यंत कळवावे, आणि तो आकडा 65च्या खाली आल्यास देयक 65 ताटांचेच आकारले जाईल, असा त्याचा आशय.

मुंबईच्या डबेवाल्यास ही चिंता नसते. ज्याचा डबा त्याच्याच घरी भरलेला असतो. येथे मात्र अनोळखी ऐंशी माणसांच्या भुकेचा अदमास आदल्या दिवशी करावा लागतो. कारण मटकी आदल्या दिवशीच भिजते आणि पोळ्यांची कणीक पहाटे मळली जाते. बाईंनी वहीतली रुजुवात माझ्यासमोर मांडली. ताटाचा दर करांव्यतिरिक्त 120 रुपये. त्यांपैकी शिधा, तेल आणि गॅस यांना 68 रुपये लागतात. आचारी, पोळ्या करणाऱ्या दोघी, वाढपी आणि टेम्पो मिळून रोजचा 3,200 रुपयांचा खर्च मात्र एक ताट गेले काय नि ऐंशी गेली काय, तेवढाच राहतो. ऐंशी ताटे गेली तर 960 रुपये उरतात. संख्या आधी कळून बासष्ट ताटांचाच स्वयंपाक केला, तर जेमतेम तोंडमिळवणी होते. परंतु ऐंशींचा स्वयंपाक झाल्यावर साठच माणसे जेवावयास आली, तर 1,440 रुपयांची तूट येते, म्हणजे दीड दिवसाचा नफा एका दुपारी बुडतो.

“काका, भाजी खारट झाली तर उद्या नीट करते,” बाई म्हणाल्या, “पण वीस माणसं आलीच नाहीत, तर त्यांचा भात मी कुणाला वाढू?”

उरलेले अन्न सायंकाळी अन्यत्र विकावे, अशी सूचना मी भोळेपणाने केली. त्यावर त्यांनी मला चौथ्या पानावरील शर्त दाखविली. कर्वेनगरहून 11।। वाजता निघालेले वरण दीड वाजता वाढताना 60 अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण असले पाहिजे, आणि वाढप्याने तापमापक बुडवून त्याची नोंद करावयाची आहे. त्याखाली काही तास रेंगाळलेले अन्न निर्धास्तपणे कोणास देता येत नाही. पोळ्यांचे दुखणे निराळेच. गरम पोळ्या तशाच घट्ट डब्यात कोंडल्या की त्यांना घाम सुटतो आणि तळाच्या पोळ्या भिजतात. म्हणून त्या आधी कापडावर पसरून वाफ जाऊ देतात आणि मगच रचतात.

दुसरे दुखणे वसुलीचे होते. लहान उद्योगांविषयीच्या 2006 सालच्या कायद्याने लेखी करार असला तरी देयक चुकते करण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, परंतु ती मुदतही अशा पेढीला पेलणारी नव्हे. महिन्याअखेर देयक आणि त्यानंतर 45 दिवस असा हिशेब धरला, तर पहिला पैसा हाती येण्यापूर्वी सुमारे पंचावन्न दिवसांची जेवणे, म्हणजे पावणेपाच लाख रुपये, पदरचे घालावे लागतात. किराणा दुकानदार मात्र पंधरवड्यापलीकडे थांबत नाही. यास्तव पंधरवड्याचे देयक आणि सात दिवसांत भरणा अशी मागणी होती. तिच्यानेही गुंतवणूक सुमारे 1 लाख 40 हजारांपर्यंतच खाली येते.

मी भाषेत फारसा हात घातला नाही. केवळ पाचव्या पानावरील ते कलम उचलून पहिल्या पानावर आणले आणि त्याखाली वरील हिशेब मांडावयास लावला. कंपनीच्या उत्तरात पदार्थांच्या जाबत्यावर एक अक्षरही नव्हते. भरण्याची मुदत सातऐवजी दहा दिवस झाली, आणि हमीचा आकडा 65 खोडून 50 केला होता. पन्नासांवर 120 रुपयांच्या दराने रोज 600 रुपयांचा तोटा. तेव्हा बाईंनी 50 मान्य केले, परंतु संख्या 65च्या खाली गेलेल्या दिवशी ताटाचा दर 135 राहील, अशी पुरवणी जोडली. पन्नास ताटांवर तेव्हा 150 रुपये तरी शिल्लक पडतात. चार दिवस खल होऊन एक महिन्याच्या अजमाइशीस मंजुरी मिळाली.

पहिल्या सोमवारसाठी रविवारी सायंकाळी 5 वाजता कचेरीत कळवावयास कोण असणार, हा प्रश्न मात्र आम्हां दोघांच्याही ध्यानात आला नव्हता.