नवा माल मागवण्याआधी ग्राहकांचे ऐकूया : अभिप्रायांतून दोष कसा शोधावा?

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी ऑनलाइन छोटा व्यवसाय करतं. माल संपत आला की पहिला विचार येतो, "चला, पुन्हा तेवढाच मागवूया." पण आधीच्या मालात दोष असेल तर? तोच दोष पुन्हा पैसे देऊन विकत घेतल्यासारखं होईल! तो आधीच कसा पकडायचा, हे आज एका उदाहरणातून पाहूया.

समजा, एका ताईंनी मुलांचे स्टीलचे 400 डबे ऑनलाइन विकले. झाकणाला चार क्लिपा आणि आत सिलिकॉनची रिंग. आता त्यांना आणखी 500 मागवायचे आहेत. सरासरी 4.1 तारे आहेत, म्हणजे सगळं ठीक वाटतं. पण सरासरीतून दोष कळत नाही, त्यासाठी शब्द वाचावे लागतात.

पहिली पायरी : वाचा आणि मोजा

ताईंनी एक ते चार ताऱ्यांचे सगळे अभिप्राय वहीत उतरवले. चार ताऱ्यांचे का? कारण "डबा छान आहे, पण..." हे वाक्य तिथेच सापडतं. मग प्रत्येक तक्रारीपुढे, आपण वर्गात शिकवतो तशा, ताळ्याच्या खुणा केल्या. एका अभिप्रायात दोन तक्रारी असतील तर दोन्हीकडे खूण.

- भाजीचा रस गळतो : 14
- मुलाला झाकण उघडत नाही : 9
- पार्सल चेपलेले आले : 4

इथे एक सावधगिरी. अभिप्राय बहुधा फार खूश किंवा फार चिडलेली माणसं लिहितात. त्यामुळे या आकड्यांवरून "इतके टक्के डबे खराब" असं म्हणता येत नाही. काय विचारायचं, एवढंच त्यातून कळतं.

कारखानदार म्हणाला, "क्लिपा जास्त घट्ट करून देतो, गळती थांबेल." पण यादी पुन्हा पाहा. क्लिपा घट्ट केल्या तर दुसरी तक्रार वाढणार! शिवाय गळतीच्या बऱ्याच अभिप्रायांत एक शब्द होता : "काही दिवसांनी". नवा डबा गळत नव्हता. मग क्लिपांचाच दोष कसा?

दुसरी पायरी : नेमके विचारा

ताईंनी 120 ग्राहकांना चारच प्रश्न पाठवले. डबा कधी गळला का? गळला असल्यास किती दिवसांनी? धुताना रिंग काढता का? डबा कोण उघडतं? "आमचा डबा आवडला ना?" असा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण त्याला लोक भिडेखातर "हो" म्हणतात. ज्यांची तक्रार नव्हती त्यांनाही विचारलं. तुलना त्यांच्याशीच तर करायची असते!

31 उत्तरं आली. गळती झालेल्या 12 जणांपैकी 10 जण रिंग काढून धुत होते. गळती न झालेल्या 19 जणांपैकी फक्त 5. आकडे लहान आहेत, म्हणून हा पुरावा नव्हे, सुगावा समजायचा. ताईंनी घरीच पडताळलं. रिंगची एक बाजू सपाट, दुसरीला बारीक कड. सरळ बसवली, पाणी भरलं, डबा अर्धा तास उलटा ठेवला, थेंबही नाही. रिंग उलटी बसवली, आणि पाणी झिरपू लागलं. दोष क्लिपांचा नव्हता, रिंग उलटी बसू शकते हा होता.

तिसरी पायरी : हिशेब करून ठरवा

400 पैकी 12 डबे गळतीमुळे परत आले होते. त्याच प्रमाणात 500 पैकी 15 येतील. वापरलेला डबा पुन्हा विकता येत नाही, त्यामुळे डब्याची किंमत आणि दोन्ही वेळचं कुरिअर धरून एका परताव्याचं नुकसान 300 रुपये. एकूण 4500. दोन्ही बाजूंनी सारखी असलेली रिंग कारखान्यात तयार होती, डब्यामागे 4 रुपये जास्त. म्हणजे 2000 रुपये. सात परतावे थांबले तरी खर्च निघतो. नवा साचा करावा लागला असता तर मात्र हा हिशेब बसला नसता, मग रिंग कशी बसवायची याचं चित्र डब्यात टाकणं परवडलं असतं.

आणि घट्ट झाकण? ताईंनी नव्या रिंगेचे आणि थोड्या सैल क्लिपांचे पाच नमुने मागवले. पहिली-दुसरीतल्या मुलांना उघडायला दिले, मग पाणी भरून उलटे ठेवले. एक नमुना गळला. ती क्लिप थोडी आवळून घेतली, पुन्हा तपासली, आणि त्यानंतरच 500 ची ऑर्डर दिली.

नवे डबे विकताना त्यांची नोंद वेगळी ठेवायला विसरू नका. जुन्या डब्यांचे अभिप्राय नंतरही येत राहतात. दोन्ही एकत्र झाले, तर सुधारणा लागू पडली की नाही हे कळणारच नाही.