सकाळच्या राऊंडला सर्पदंशाचा रुग्ण कसा सांगावा

पावसाळ्यात सोयाबीन कमरेला लागले की अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केज, धारूर, परळीकडून सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. रात्री दाखल झालेला असा रुग्ण सकाळी सरांना किंवा मॅडमना सांगायचे काम पुष्कळदा इंटर्नकडे येते. हाताशी दोन-तीन मिनिटे असतात. म्हणून एक कल्पित रुग्ण घेऊ आणि त्याची मांडणी टप्प्याटप्प्याने पाहू.

रुग्ण ४५ वर्षांचा शेतकरी आहे, वजन ५० किलो. संध्याकाळी साडेसहाला खुरपताना उजव्या घोट्याजवळ साप चावला. घरच्यांनी पोटरीला दोरी बांधली. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषरोधक लस, म्हणजे एएसव्ही, सुरू झाली आणि रात्री अकराला तो आपल्या वॉर्डात आला. आता सकाळचे नऊ वाजत आहेत.

राऊंडच्या अर्धा तास आधी रेफरलची चिठ्ठी पुन्हा वाचा. चिठ्ठीवर बहुधा ‘एएसव्ही दिली’ एवढेच असते. किती व्हायल दिल्या आणि शेवटची किती वाजता संपली, हे नसते. पुढचे सगळे निर्णय याच दोन गोष्टींवर चालतात, त्यामुळे रात्रीच त्या रुग्णालयात फोन करून विचारलेले बरे. आपल्या रुग्णाला तिथे १० व्हायल मिळाल्या आणि त्या पावणेदहाला संपल्या.

मग रुग्णाजवळ जाऊन स्वतः पाहा. सूज कुठपर्यंत चढली, हिरड्यांतून रक्त येते का, लघवीचा रंग कसा आहे, पापण्या जड आहेत का, गिळता येते का. रात्रीच्या नोंदी सकाळी तशाच वाचून दाखवल्या तर सरांना रात्रीचा रुग्ण कळतो, समोरचा कळत नाही.

लघवीची नोंद मात्र थांबून वाचा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, साडेअकराला घातली. सकाळी साडेआठपर्यंत नऊ तासांत २२० मिली लघवी झाली. किलोमागे तासाला अर्धा मिली हे किमान धरले, तर ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिली, नऊ तासांत २२५ मिली हवी. म्हणजे बेरीज जवळजवळ ठीक दिसते. पण तासांनुसार पाहिले तर पहिल्या सहा तासांत १९० मिली आणि शेवटच्या तीन तासांत फक्त ३०. पहाटेपासून तासाला १० मिलीच. रात्री १.० असलेले क्रिएटिनिन (रक्तातला किडनीच्या कामाचा निर्देशक) सकाळी ६ वाजता १.८ आले आहे. घोणशीच्या विषाने किडनीला इजा होते, आणि तिची पहिली खूण पुष्कळदा लघवी कमी होणे हीच असते. ‘आउटपुट २२० मिली’ एवढे सांगून आपण पुढे गेलो, तर ती खूण हातातून निसटते.

आता बोलायला सुरुवात. पहिले वाक्य असे असावे की तेवढेच ऐकून सरांना आजचा प्रश्न कळावा: “सर, ४५ वर्षांचा पुरुष, काल संध्याकाळी साडेसहाला उजव्या घोट्याला सर्पदंश, रक्त गोठत नसल्याने एकूण २० व्हायल एएसव्ही दिली आहे, आणि पहाटेपासून लघवी कमी झाली आहे.” गाव, व्यवसाय, शेतात काय पेरले होते, हे नंतर. ‘पेशंट स्टेबल आहे’ हे वाक्य टाळा. त्यातून नाडीही कळत नाही आणि लघवीही नाही.

पुढे घटनाक्रम घड्याळाच्या क्रमाने सांगा, आणि सुरुवात दाखल झाल्यापासून न करता दंशापासून करा. साडेसहाला दंश, सव्वाआठला ग्रामीण रुग्णालय, तिथे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली, रक्त गोठले नाही. पावणेनऊला पहिल्या १० व्हायल सुरू, पावणेदहाला संपल्या. सहा तासांनी, पहाटे पावणेचारला, पुन्हा चाचणी, पुन्हा गोठले नाही. सव्वाचारला आणखी १० व्हायल सुरू, सव्वापाचला संपल्या. पुढची चाचणी सव्वाअकराला. दोन्ही वेळा पुरळ, थंडी, दम यांपैकी काही झाले नाही.

सहा तासांचे कारणही तयार ठेवा, कारण ते विचारले जाते. लस विषाला निष्प्रभ करते, पण संपून गेलेले गोठण्याचे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. मधेच आठ वाजता चाचणी करून ‘अजून गोठत नाही’ असे सांगितले, तर त्यावर काहीच ठरवता येत नाही.

सापाचे नाव सांगताना ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवा: “नातेवाईक घोणस म्हणतात, साप आम्ही पाहिलेला नाही.” आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे जात ठरली नाही म्हणून काही अडत नाही. चुकीचे नाव ठामपणे सांगितले, तर मात्र बाकीचे त्याच नावामागे जातात.

तपासणीत जे सापडले त्याबरोबर जे नाही तेही सांगा, पण निवडून: नाडी १०४, रक्तदाब १००/७०, सूज गुडघ्याच्या खालपर्यंत, हिरड्यांतून थोडे रक्त, पापण्या जड नाहीत, गिळणे व श्वास ठीक, छातीत पाणी साचल्याची चिन्हे नाहीत. पहिली दोन ‘नाही’ विष नसांवर चढलेले नाही हे सांगतात. तिसरे सलाईन किती देता येईल हे ठरवायला लागते. पोट मऊ आहे, प्लीहा लागत नाही, ही यादी इथे नको.

फिजिओथेरपीच्या इंटर्नने हाच रुग्ण सांगायचा तर भर पायावर येतो: दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच ठिकाणी मोजून, आणि बोटे हलकेच ताणल्यावर कळ किती वाढते ते. दंशाच्या मानाने फार जास्त कळ येत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी व्यायामाची योजना सांगत बसू नये, आधी ही कळ सांगावी.

शेवटी आपले मत मांडा. बरेच इंटर्न आकडे सांगून गप्प होतात. इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत: “रक्त गोठण्याचे सव्वाअकराच्या चाचणीवर ठरेल. लघवीसाठी आता क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाठवावे, दर तासाची नोंद ठेवावी आणि डायलिसिसच्या टीमला कळवावे असे वाटते.” लघवी कमी झाली म्हणून आणखी लस देऊ असे म्हणू नका, झालेली किडनीची इजा लसीने भरून येत नाही.

सर विचारतील, “चाचणी कोणत्या नळीत केली?” स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटे न हलवता. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही गोठेलच असे नाही. आपण स्वतः पाहिले नसेल, तर “पाहिले नाही सर, आत्ता विचारतो” असे सांगा. अंदाजाने दिलेल्या उत्तरावर १० व्हायल जास्त जाऊ शकतात.

हे सगळे रुग्णाच्या उशाशी चाललेले असते, हेही ध्यानात ठेवा. बाकीचे इंग्रजी कळले नाही तरी ‘किडनी’ आणि ‘फेल’ हे शब्द वॉर्डात सगळ्यांना कळतात. राऊंड पुढे सरकला की परत येऊन घरच्यांना साध्या शब्दांत सांगा: “काका, लघवी कमी होतेय, म्हणून रक्त पुन्हा तपासतोय. दर तासाला मोजायचीय, पिशवी कुणी ओतू नका.” मग ठरलेले सगळे वेळेसह केस पेपरवर लिहा, आणि सव्वाअकरासाठी काचेची नवी नळी सिस्टरकडून आधीच मागून ठेवा.