चोवीस फुटी गाळ्याचं छप्पर

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात रस्त्यापासून थोडं आत गेलं, की जुन्या घरांवर अजून कवेलू दिसतात. दर वर्षी ते शाकारावे लागतात, माकडांच्या एका फेरीत पुन्हा सरकतात आणि शाकारणारी माणसं आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे घर तसंच ठेवून निदान धानाची कोठी तरी पत्र्याखाली आणायची, असं बरेच शेतकरी ठरवतात. मळणी झाल्यावर खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत पोती घरीच ठेवायची असतात आणि ओलं झालेलं धान कोणी घेत नाही. अशाच एका कोठीचं माप घेताना मी मिस्त्रींबरोबर होतो. दोन पाखांचं, मधोमध आढं असलेलं साधं छप्पर. मात्र त्याचा पत्रा मागवण्याआधी जो हिशेब झाला, तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

भिंती विटांच्या, बाहेरून बाहेर २४ फूट रुंद आणि ४० फूट लांब. भिंतीची उंची ९ फूट आणि आढं १४ फुटांवर हवं, असं मालकांनी सांगितलं. त्यांनी कागदावर २४ गुणिले ४० करून ९६० चौरस फूट असा आकडाही काढून ठेवला होता. मिस्त्री म्हणाले, “काकाजी, हे जमिनीवरचं माप झालं. पत्रा तर तिरपा जाते न जी.”

तिरप्या मापासाठी दोनच आकडे लागतात. पहिला, गाळ्याची निम्मी रुंदी, कारण आढं मधोमध आहे आणि एक पाख निम्म्याच गाळ्यावर पडतं. ती झाली १२ फूट. दुसरा, आढ्याचा उठाव. तो जमिनीपासून धरत नाहीत, भिंतीच्या माथ्यापासून धरतात. १४ मधून ९ गेले, उरले ५ फूट. आता भिंतीच्या माथ्यावर एक काटकोन त्रिकोण उभा राहिला: भुज १२, कोटी ५ आणि तिरपा जाणारा वासा म्हणजे कर्ण.

√(१२² + ५²) = √(१४४ + २५) = √१६९ = १३ फूट

इथे वर्गमूळ पूर्ण आलं. १२ आणि ५ ही जोडी बौधायन शुल्बसूत्रातही आहे. वेदी आखण्यासाठी दिलेल्या बाजूंच्या जोड्यांमध्ये ती येते. आपल्या भागातला मिस्त्री ती गुण्यावर वापरतो. गुण्याच्या एका भुजेवर १२ इंच आणि दुसरीवर ५ इंच धरले, की मधलं तिरपं अंतर १३ इंच येतं. तेच माप वाशावर १२ वेळा पुढे सरकवत नेलं, की १३ फूट पुरे होतात, आणि वाशाचं टोक कोणत्या तिरकसात कापायचं तेही त्याच गुण्यावरून आखता येतं.

पण उठाव नेहमी असा सोयीचा नसतो. ४ फूट ७ इंच आला, तर कॅल्क्युलेटर घ्यावा लागतो, किंवा मिस्त्रींनी पडताळा म्हणून अंगणात केलं तसं करावं लागतं. त्यांनी सुतळीनं १२ फुटांची सरळ रेघ आखली. तिच्या एका टोकाला ३, ४ आणि ५ फुटांची मापं धरून काटकोन काढला, त्या उभ्या रेघेवर ५ फूट मोजले आणि दोन टोकांमध्ये तिरपा टेप धरला. टेपवर १३ फूट आले. लोखंडी कैची जोडायची असेल, तर ती जमिनीवरच्या याच आकृतीवर ठेवून वेल्डिंग करतात, म्हणजे सगळ्या कैच्या एकसारख्या निघतात.

माप घेताना कोणती चूक किती महागात पडते, हे याच त्रिकोणावरून कळतं. उठाव एका इंचानं चुकला, तर या उतारावर वाशाची लांबी जेमतेम पाव ते अर्ध्या इंचाच्या मधोमध कुठेतरी बदलते. निम्मा गाळा एका इंचानं चुकला, तर ती जवळजवळ पूर्ण इंचानं बदलते. म्हणून उंचीपेक्षा रुंदीचं माप जास्त काळजीनं घ्यायचं. रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्येही मोजायची, कारण जुनी भिंत मध्ये फुगलेली असू शकते. दोन्ही कर्णही ताणून पाहायचे. २४ बाय ४० च्या चौकोनाचा कर्ण ४६ फूट पावणेआठ इंच यायला हवा. दोन कर्णांत फरक निघाला, तर भिंती काटकोनात नाहीत. अशा भिंतींवर पत्रा सरळ रांगेत लावत गेलं, की दुसऱ्या टोकाला त्याची कड भिंतीला सोडून तिरपी जाते.

१३ फूट हे माप भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. पुढे वळचण हवी. जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. छपरावर किती पाणी पडतं ते उतारावर अवलंबून नसतं, छपराखालची जमीन किती झाकली आहे यावर असतं. या कोठीच्या एका पाखावरून वर्षभरात जवळपास ६८ हजार लिटर पाणी एकाच कडेनं खाली येणार. ते भिंतीच्या बुडाशी पडलं, तर ओल आत पोत्यांपर्यंत पोचते. म्हणून वळचण भिंतीपासून आडवी दीड फूट ठरली.

इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. आडवा दीड फूट १३ फुटांत तसाच मिळवला, तर बेरीज साडेचौदा येते, पण वळचणही तिरपीच जाते. १२ फूट आडवं म्हणजे १३ फूट तिरपं, तर दीड फूट आडवं म्हणजे दीड गुणिले १३ भागिले १२, म्हणजे १.६२५ फूट. वाशाची एकूण लांबी झाली १४.६२५ फूट. हा आकडा फूट-इंचात आणतानाही सांभाळावं लागतं. कॅल्क्युलेटरवर १४.६ दिसलं म्हणून १४ फूट ६ इंच लिहून मोकळं होता येत नाही. दशांशाला १२ नं गुणायचं: .६२५ गुणिले १२ म्हणजे साडेसात. वासा १४ फूट साडेसात इंच.

पत्रा वाशाएवढाच नसतो. आढ्यापाशी दोन्ही पाखांच्या पत्र्यांमध्ये थोडी फट ठेवतात आणि ती वरून रिजकॅपनं झाकतात. इथे प्रत्येक बाजूला दीड इंच सोडला. खाली पत्रा वाशाच्या टोकाच्या दोन इंच पुढे काढला, म्हणजे पागोळी लोखंडावर न गळता बाहेर पडते. वजा दीड, अधिक दोन. पत्र्याची लांबी ठरली १४ फूट ८ इंच. एवढ्या लांबीचा पत्रा मापात कापून मिळतो, त्यामुळे पाखाच्या मधे आडवा सांधा येत नाही. तयार १४ फुटी पत्रा घेतला असता, तर वळचण जेमतेम एक फूट उरली असती. १६ फुटी घेतला असता, तर प्रत्येकातून १ फूट ४ इंच कापून टाकावे लागले असते.

आता नग. तिकोनी भिंतींच्या बाहेर दोन्ही टोकांना एकेक फूट पत्रा काढायचा, म्हणून छपराची लांबी ४२ फूट. बाजारात मिळणारा रंगीत पत्रा साधारण १०७० मिलिमीटर रुंद असतो, पण शेजारच्या पत्र्यावर त्याची एक पन्हळ चढते, त्यामुळे तो झाकतो १००० मिलिमीटर, म्हणजे ३.२८ फूट. ४२ भागिले ३.२८ म्हणजे १२.८. बारा पत्र्यांत तर ४० फूटही पुरे होत नाहीत, म्हणून एका पाखाला १३ आणि दोन्ही मिळून २६. तेरा पत्रे लावल्यावर छप्पर ४२ फूट १० इंच लांब होतं. ते जादा १० इंच कापून फेकण्यापेक्षा दोन्ही टोकांना पाच-पाच इंच वाढवून घेतले. मात्र हे पर्लिन कापण्याआधी ठरवावं लागतं, कारण पत्र्याच्या कडेखाली आधार नसेल तर वादळात वारा तिथूनच पत्रा उचलतो.

या कोठीच्या क्षेत्रफळाचे आता तीन आकडे झाले. जमिनीवर ९६० चौरस फूट. ठरलेल्या ४२ फुटी छपराची दोन्ही पाखं मिळून २ × १४.६२५ × ४२ म्हणजे सुमारे १२२९. आणि विकत घ्यायचा पत्रा २६ नग, प्रत्येकी १४ फूट ८ इंच लांब आणि १०७० मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारे १३३९. जमिनीपेक्षा ३७९ चौरस फूट जास्त.

ही वाढ कुठून आली, ते फोडून पाहिलं तर जरा नवल वाटतं. वळचण आणि टोकांचे बाहेर काढलेले भाग धरले, की ९६० चे ११३४ होतात. सर्वांत मोठी वाढ हीच, १७४ चौरस फुटांची. सांध्यांवर चढणारा भाग आणि शेवटच्या पत्र्याची जादा रुंदी यांत ११० जातात. उतारामुळे ११३४ चे १२२९ होतात, म्हणजे फक्त ९५ वाढतात. पत्र्याच्या बिलात उताराचा वाटा सर्वांत लहान आहे.

तरीही मिस्त्रींचा सर्वांत जास्त वेळ कर्णावरच गेला आणि त्याला कारण आहे. नग कमी पडले, तर दुकानातून आणखी एक आणता येतो. लांबी आडव्या मापावरून, म्हणजे १२ अधिक दीड अशी साडेतेरा फूट सांगितली असती, तर सव्वीसच्या सव्वीस पत्रे फूटभराहून जास्त आखूड आले असते. मग एकतर आढ्यावर दोन्ही बाजू मिळून सव्वादोन फुटांहून मोठी फट पडली असती, जी कोणताही रिजकॅप झाकू शकत नाही, नाहीतर वळचण सहा-सात इंचांवर आली असती.

आढं मधोमध नसेल, तर हाच हिशेब दोनदा करावा लागतो. समोर छपरी असलेल्या जुन्या घरांत पुढचं पाख बरेचदा मागच्यापेक्षा लांब असतं. उठाव तोच राहतो, आडवी मापं वेगळी होतात, म्हणून कर्णही दोन येतात आणि पत्र्याच्या लांब्याही दोन.

दुकानदाराला द्यायच्या चिठ्ठीवर मिस्त्रींनी चौरस फूट लिहिलेच नाहीत. “चौरस फूट बिलासाठी होय जी. तोडाई तर लांबीवर होते,” ते म्हणाले. चिठ्ठीत होतं: पत्रा १४ फूट ८ इंच, नग २६, झाकती रुंदी १००० मिलिमीटर, आणि त्याखाली ४२ फूट १० इंच लांबीच्या आढ्यासाठी रिजकॅप, सांध्याची लांबी वेगळी धरून.